हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

समजा, शेजारच्या काकूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे आणि मंगळवारी सकाळी साडेदहाला त्यांना तपासणीसाठी जायचे आहे. मुलगा रजा टाकणार होता. मी म्हणालो, "त्याला कशाला त्रास? मी नेतो ना तुम्हाला." काकूंनी मुलाला फोन करून रजा नको म्हणून सांगितले. मंगळवारी दहाच्या सुमारास पेट्रोल भरून परतताना वळणावर एक मोटारसायकलवाला पडलेला दिसतो. मांडीतून रक्त वाहते आहे, बोलणे तुटक झाले आहे, रस्त्यावर दुसरे कोणी नाही. त्याला दवाखान्यात नेले तर काकूंची वेळ चुकणार हे नक्की.

काय करायचे, यावर दुमत होणार नाही. गाडी थांबवायची. तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस यांनी १९३० सालच्या 'द राइट अँड द गुड' या पुस्तकात जवळपास असाच पेच मांडला आहे, आणि किरकोळ भेटीचा शब्द मोडून अपघातात सापडलेल्यांच्या मदतीला जाणे योग्य, असे त्यांनीही म्हटले आहे. उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. वाद कारणाचा आहे. आणि कारण नेमके सांगता आले नाही, तर मोटारसायकलवाल्याच्या जागी टायर पंक्चर झालेला माणूस असला, किंवा दूरच्या देशातले आजारी मूल असले, तर शब्दाचे काय करायचे हे कळत नाही. नीतिशास्त्रातल्या करारवादाने हे कारण देण्याचा जो प्रयत्न केला, तो कुठवर पोचतो हे येथे पाहायचे आहे.

सर्वांत सोपे कारण तराजूचे. एका पारड्यात काकूंची गैरसोय, दुसऱ्यात एका माणसाचा जीव, जीव जड. उपयुक्ततावादी असेच म्हणेल. पण रॉसने या तराजूला एक अडचणीचा हिशेब घातला. दिलेला शब्द पाळल्याने एकाचे १,००० मात्रांइतके भले होते आणि मोडल्याने ज्याला शब्द दिलेला नाही अशा दुसऱ्याचे १,००१ मात्रांइतके, तर एका मात्रेसाठी शब्द मोडायचा? रॉसचे उत्तर नाही असे होते. मग किती मात्रा जास्त हव्यात? दहा? पाचशे? यावर रॉसकडे सूत्र नव्हते. शब्द पाळणे हे एक कर्तव्य, मदत करणे हे दुसरे. दोन्हींची टक्कर झाली की प्रसंग पाहून ठरवायचे, इतकेच तो सांगतो. हे प्रामाणिक आहे, पण यात ठरवायचे कसे हे कळत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ टी. एम. स्कॅनलन यांनी १९८२ मधल्या एका निबंधात आणि पुढे १९९८ सालच्या 'व्हॉट वी ओ टू ईच अदर' या ग्रंथात प्रश्नाची मांडणीच बदलली. (हाच ग्रंथ 'द गुड प्लेस' या अमेरिकन मालिकेतला एक प्राध्यापक वर्गात शिकवत असतो. नीतिशास्त्राच्या पुस्तकाच्या नशिबी असे भाग्य क्वचितच येते.) करारवादाची त्यांची मांडणी थोडक्यात अशी. एखादी कृती चूक केव्हा? जी तत्त्वे सर्वांनी मिळून आपल्या वागण्याचा पाया म्हणून स्वीकारायची, आणि जी कोणालाही वाजवी कारणाने नाकारता येणार नाहीत, अशी तत्त्वे तिला मनाई करतात तेव्हा. एकूण किती भले झाले, हा प्रश्न येथे गौण ठरतो. मी जे केले ते त्याचा फटका बसलेल्या प्रत्येकासमोर उभे राहून मला समर्थनीय ठरवता येते का, हे पाहायचे.

यातला 'वाजवी' हा शब्द फार भार उचलतो. काकू रागावून "मला ते काही सांगू नका" म्हणाल्या, म्हणून माझे वागणे चूक ठरत नाही. आणि त्या भिडस्तपणे "असू दे हो" म्हणाल्या, म्हणून आपोआप बरोबरही ठरत नाही. पाहायचे ते एवढेच की काकूंच्या जागी असलेल्या कोणालाही जी कारणे असतील, त्यांच्या जोरावर ते तत्त्व नाकारता येते का. म्हणजे या काकू, त्यांचा स्वभाव, त्यांचे माझ्याशी असलेले संबंध हे बाजूला ठेवून 'शब्द मिळालेला माणूस' ही जागा घ्यायची. 'रस्त्यावर पडलेला माणूस' ही दुसरी जागा. 'शब्द दिलेला आणि वाटेत सापडलेला' ही तिसरी. प्रत्येक जागेवरून तक्रार ऐकायची आणि तक्रारींची एकास एक अशी तुलना करायची. दहा जणांच्या किरकोळ तक्रारींची मोळी बांधून ती एकाच्या मोठ्या तक्रारीवर टाकायची नाही, हा स्कॅनलनचा आग्रह आहे. तो पुढे कामाला येईल.

आता शब्दाकडे. शब्द देणे म्हणजे नक्की काय दिले जाते? डेव्हिड ह्यूमपासून एक मोठी परंपरा सांगते की वचन ही समाजाने घडवलेली रीत आहे आणि ती टिकवण्यासाठी आपण शब्द पाळतो. स्कॅनलनला हे अपुरे वाटते, कारण त्यात शब्द मोडला की अन्याय रीतीवर होतो, काकूंवर होत नाही. त्याच्या मते मी काकूंना खात्री दिली. त्यांना ती हवी होती, हे मला माहीत होते. मी ती जाणूनबुजून दिली आणि हे सारे दोघांनाही उघडपणे ठाऊक होते. असे झाले, की विशेष कारण नसेल तर, आणि काकूंनी मोकळे केले नसेल तर, मी सांगितलेली गोष्टच करायला बांधील आहे. आदल्या दिवशी "जमणार नाही" म्हणून कळवले किंवा रिक्षाचे पैसे देऊ केले, म्हणून ते बंधन सुटत नाही. काकूंना रिक्षाभाड्याची भरपाई हवी नव्हती. मंगळवारचा विषय डोक्यातून काढून टाकता यावा, एवढेच त्यांना हवे होते. मुलाला रजा नको म्हणून केलेला फोन हे त्या खात्रीचे दिसणारे रूप.

या साऱ्या मांडणीतले 'विशेष कारण नसेल तर' हे तीन-चार शब्द वाचक सहज ओलांडून जातो. आपला प्रश्न मात्र पूर्णपणे त्यांच्यात बसला आहे. अनोळखी माणसाची गरज हे विशेष कारण केव्हा होते?

मदतीबाबत स्कॅनलनकडे दुसरे एक तत्त्व तयार आहे. कोणावर फार मोठे संकट आले असेल आणि स्वतःला थोडी किंवा मध्यम तोशीस लावून ते टाळता येत असेल, तर न टाळणे चूक. हे तत्त्व कोण नाकारील? मदतकर्ता म्हणेल, माझा वेळ जातो, सीटवर रक्त सांडते. जखमी म्हणेल, माझा जीव जातो. तुलना संपली. आपल्याकडे या तोशिशीत पोलीस आणि कोर्टाच्या फेऱ्यांची भीतीही असे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. त्याने ही भीती कायद्यापुरती तरी कमी केली. करारवादाच्या भाषेत मदतकर्त्याची नकाराची एक वाजवी तक्रार कायद्याने काढून घेतली.

पण हे तत्त्व माझ्या तोशिशीबद्दल बोलते. शब्द मोडला तर किंमत काकू मोजतात. मदतीचे पुण्य माझे आणि दवाखान्याची चुकलेली वेळ त्यांची. मराठीत याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. या विषयावरच्या पुष्कळ लेखनात ही फट नजरेआड केलेली दिसते: जीव वाचवणे बंधनकारक आहे, म्हणून शब्द मागे पडतो, एवढ्यावर भागवतात. ते पुरेसे नाही. माझ्यावर मदतीचे बंधन आहे, यावरून काकूंची किंमत खर्च करण्याचा अधिकार मला मिळतो असे होत नाही. तो काकूंच्या जागेवरून तपासावा लागतो.

तसे तपासून पाहू. एक तत्त्व असे: शब्द दिला की काहीही होवो, पाळायचा. हे जखमी माणूस नाकारील, आणि त्याची तक्रार काकूंच्या कुठल्याही तक्रारीपेक्षा मोठी आहे. दुसरे तत्त्व: दुसऱ्याचे अधिक भले होत असेल तर शब्द मोडावा. हे काकू नाकारतील. या तत्त्वाखाली मी दिलेल्या शब्दाचा अर्थ 'त्या सकाळी जगात याहून चांगले काही करण्यासारखे सापडले नाही तर नेईन' असा होतो. असल्या शब्दावर कोणी मुलाची रजा रद्द करत नाही. तिसरे तत्त्व: कोणावर प्राणांतिक किंवा तशाच गंभीर स्वरूपाचे संकट असेल, मदत करणारा आसपास दुसरा नसेल, आणि शब्द मोडल्याने होणारे नुकसान त्या मानाने बरेच कमी व भरून येणारे असेल, तर मोडण्याची मुभा. हे काकूंना नाकारता येते का? त्यांना जी खात्री हवी होती तिच्यात असा दुर्मीळ अपवाद आधीपासून धरलेला असतो. अपघाताची शक्यता गृहीत धरूनही मुलाला रजा नको म्हणणे शहाणपणाचेच राहते. म्हणजे या अपवादाने खात्रीची किंमत जवळजवळ कमी होत नाही, आणि जखमीला मात्र सर्वस्व मिळते.

येथे संकटाच्या दुर्मीळपणाला महत्त्व येते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. मी रुग्णवाहिका चालवत असतो किंवा रात्रंदिवस बोलावणे येणारा सर्जन असतो, तर असे प्रसंग माझ्या आयुष्यात आठवड्याला आले असते. मग 'नेतो' म्हणतानाच "बोलावणे आले तर जमणार नाही हं, मुलाला तयारीत ठेवा" हे सांगणे माझे कर्तव्य ठरले असते. न सांगता शब्द दिला आणि मग मोडला, तर मोडणे क्षम्य आणि देणे चूक, असा विचित्र पण बरोबर निकाल लागतो.

आता पंक्चर झालेला माणूस घ्या. त्याला मदत केली तर त्याचा तासभर वाचेल. काकूंचा अर्धा तास जाईल. तराजू त्याच्या बाजूने आहे, तरीही गाडी थांबवणे चूक वाटते. तत्त्वज्ञ जोसेफ राझ यांचे म्हणणे असे की वचन हे पारड्यात टाकायचे आणखी एक वजन नसते. ते काही कारणांना पारड्यात शिरूच देत नाही. करारवाद त्यामागचे कारण पुरवतो. पंक्चर झालेली माणसे, जड पिशव्या घेतलेल्या आजी, पत्ता शोधणारे पाहुणे हे रोज भेटतात. त्यांच्यासाठी अपवाद ठेवला तर खात्री उरत नाही. पंक्चरवाल्याची तक्रार खरी असली तरी खात्री गमावण्याच्या तक्रारीपुढे ती उणी पडते. अशी शंभर माणसे रांगेत असली तरी फरक पडत नाही, कारण मोळी बांधायची नाही. स्कॅनलनचे प्रसिद्ध उदाहरण येथे आठवते: फुटबॉलच्या विश्वचषकाचे प्रक्षेपण चालू असताना प्रक्षेपण केंद्रात अडकलेल्या एका कर्मचाऱ्याला विजेचे जबर झटके बसत आहेत, प्रेक्षक कितीही कोटी असोत, सामना संपेपर्यंत थांबणे चूकच.

गोष्ट खरी अवघड होते ती तत्त्वज्ञ फ्रान्सिस कॅम यांच्या १९८५ च्या एका लेखात. मी मित्राला जेवायला भेटण्याचा शब्द दिला आहे. त्याच वेळी एका अनोळखी रुग्णाला मी मूत्रपिंड दिले तर तो वाचेल. मूत्रपिंड देणे माझ्यावर बंधनकारक नाही. तोशीस फार मोठी आहे. जेवणाचा शब्द मात्र बंधनकारक. तरीही मी मूत्रपिंड द्यायला गेलो आणि जेवण चुकवले, तर ते योग्य वाटते. म्हणजे जे करायला मी बांधील नाही, त्यासाठी जे करायला मी बांधील आहे ते मोडता येते! कर्तव्य नेहमी ऐच्छिक गोष्टीच्या वर असते, ही समजूत येथे कोसळते.

करारवादी याचे उत्तर देऊ शकतो, आणि माझ्या मते ते या सिद्धांताचे सर्वांत चांगले काम आहे. मूत्रपिंड देणे ऐच्छिक का? रुग्णाची गरज कमी आहे म्हणून नव्हे. नकार देण्याची एक वाजवी तक्रार माझ्याकडे आहे म्हणून. ती तक्रार माझी. माझ्या शरीराची, माझ्या धोक्याची. मी ती स्वखुशीने मागे घेतली की मैदानात उरतात दोघे: रुग्ण आणि मित्र. रुग्णाची तक्रार होती तेवढीच मोठी आहे. मित्र आता माझ्या मागे घेतलेल्या तक्रारीच्या आड लपून "तुला तर देणे भागच नव्हते" असे म्हणू शकत नाही. ती ढाल त्याची कधीच नव्हती. 'बंधन आहे का' हा प्रश्न आणि 'कोणाची तक्रार मोठी' हा प्रश्न वेगळे आहेत, हे एकदा पाहिले की कॅमचे कोडे सुटते. रॉसच्या कर्तव्यांच्या यादीतून ते सुटत नाही.

पण मुभा मिळाली म्हणजे हिशेब संपला असे नाही. तिसऱ्या तत्त्वात 'भरून येणारे नुकसान' असे शब्द होते. ते भरायचे कोणी? जखमीला गाडीत घेतल्यावर मला एक फोन करता येतो. तो न करणे ही वेगळी चूक आहे, कारण त्यासाठी जखमीचा कोणताही बळी लागत नाही. फोनवर परवानगी मागायची की माहिती द्यायची? काकूंनी "जा तू, त्याला ने" म्हटले तर त्यांनी मला मोकळे केले आणि शब्द मोडलाच नाही. त्यांनी "नाही, आधी मला ने" म्हटले तरी मी जाणार आहे. म्हणून परवानगी मागण्याचे नाटक करू नये असे मला वाटते. सांगावे, रिक्षा बोलावून द्यावी, पुढची वेळ मिळवून द्यावी, आणि संध्याकाळी जाऊन भेटावे. रॉसनेही म्हटले आहे की शब्द योग्य कारणाने मोडला तरी मनाला टोचणी लागते आणि भरपाईचे कर्तव्य उरते. तराजूवाल्याला ही टोचणी भावनेचा अवशेष वाटते. करारवाद्याला ती समजते: काकूंची तक्रार हरली, पण नाहीशी झाली नाही.

प्रत्यक्षात माणसे काय करतात? मानसशास्त्रज्ञ जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रिन्स्टनमधला प्रयोग पुष्कळांना माहीत असतो. धर्मशास्त्राचे चाळीस विद्यार्थी भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत निघाले. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत, दारात कोसळलेला. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांपैकी ६३ टक्क्यांनी मदत केली, ज्यांना वेळेवर पोचायचे होते त्यांपैकी ४५ टक्क्यांनी, आणि उशीर झालेल्यांपैकी १० टक्क्यांनी. घाई माणसाला निर्दय करते, असा याचा सारांश सांगितला जातो. पण उशीर झालेल्यांची कोणीतरी वाट पाहत होते, आणि हे निर्दयपण असण्यापेक्षा ओढाताण असावी, असे संशोधकांनीच सुचवले होते. दोन बाजूंनी ओढल्या जाणाऱ्या त्या माणसाने पडलेल्याची नीट चौकशीही केली नाही, ही त्याची चूक. गरज गंभीर आहे की किरकोळ, हे थांबून पाहिल्याशिवाय तिसरे तत्त्व लागू करता येत नाही. निदान तेवढ्यापुरते थांबणे काकूंनाही नाकारता येणार नाही.

या सिद्धांतावरचा जुना आक्षेप असा की 'वाजवी' या शब्दात निकाल आधीच भरलेला असतो. काकूंची तक्रार उणी, हे मी आधीच ठरवले आणि मग तिला अवाजवी म्हटले, एवढेच. आक्षेपात तथ्य आहे. जीव आणि गैरसोय यांची तुलना करारवाद शिकवत नाही. ती आपण घेऊन येतो. पण कोणाची तक्रार मोजायची, कोणाच्या नावावर मोजायची आणि बेरीज करायची नाही, हे तो ठरवतो. पंक्चरवाल्यांच्या रांगेचा आणि कॅमच्या कोड्याचा निकाल त्यातूनच लागला.

खरी पंचाईत दूरच्या मुलाची आहे. समजा, मी काकूंच्या नातवाला फीसाठी वीस हजार देण्याचा शब्द दिला, आणि तेवढ्याच रकमेने दूर कुठेतरी एका मुलाचा जीव वाचू शकतो. पीटर सिंगर यांनी १९७२ पासून विचारलेला प्रश्न हाच. येथे संकट दुर्मीळ नाही, ते रोजचे आहे. अपवाद ठेवला तर पैशाबाबतचा कोणताही शब्द विश्वासार्ह उरत नाही. उपयुक्ततावादी सर्वांच्या विश्वासाची बेरीज करून शब्दाच्या बाजूने उभा राहू शकतो. करारवाद्याला बेरजेची सोय नाही. एका बाजूला नातवाचे किंवा कोणाही एका माणसाचे पैशाच्या शब्दावर विसंबता येणे, दुसऱ्या बाजूला एका मुलाचा जीव. एकास एक तुलना केली तर मूल जिंकते. करारवाद मवाळ वाटला तरी उपयुक्ततावादाइतकाच कठोर मागण्या करतो, असे एलिझाबेथ अॅशफर्ड यांनी २००३ मध्ये दाखवले, त्याचा रोख इकडेच आहे.

माझे स्वतःचे उत्तर अर्धे आहे. दूरच्या मुलाचा हात पहिल्यांदा माझ्या खिशात जायला हवा, नातवाच्या नव्हे. माझ्या ठेवी, माझी सुट्टीतली सहल, माझा नवा फोन हे सगळे शिल्लक असताना नातवाची फी दान करणे म्हणजे पुन्हा हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. मोटारसायकलवाल्याच्या वेळी मला ती पळवाट नव्हती. माझ्याजवळ देण्यासारखे जे होते, ती अर्ध्या तासाची गाडी, ते काकूंना आधीच दिलेले होते. येथे मात्र शब्द आणि जीव यांची गाठ माझा खिसा रिकामा झाल्यावरच पडते. आणि खिसा खरोखर रिकामा झाला, तर? मग ते मूल वीस हजारांच्या त्या शब्दाकडे बोट दाखवून "हा का नको?" असे विचारील, आणि त्याला द्यायचे वाजवी उत्तर मला अजून सापडलेले नाही.